अजून किती शीट?

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात संख्याशास्त्राच्या एम.एस्सी.ला असताना माझा दिवस गंगावेशीत संपत असे. विद्यापीठातून केएमटीच्या बसने गंगावेशीत यायचे, आणि तिथून वडापच्या जीपने शिवाजी पूल ओलांडून केर्लीच्या बाजूला आमच्या गावी जायचे, असा दोन वर्षांचा परिपाठ होता. वडापला वेळापत्रक नसते. दहा माणसे भरली की जीप निघते. नऊ असतील तर ड्रायव्हर खाली उभा राहून गावाचे नाव पुकारत राहतो आणि आत बसलेले लोक दहाव्या माणसाची वाट पाहत राहतात. आज मी हाच विषय महाविद्यालयात शिकवते, आणि घातांकी वितरणाच्या स्मृतिहीनतेचा धडा आला की मला फळ्यावरच्या सूत्राआधी त्या जीपचे मागचे बाक आठवते, कारण ती गोष्ट मला खऱ्या अर्थाने तिथे कळली.

त्या दिवशी मी सहावी होते. चार जागा रिकाम्या होत्या. माझ्यानंतर पाच-सहा मिनिटे कोणीच आले नाही, तेव्हा समोर बसलेले एक वयस्कर गृहस्थ मला धीर देत म्हणाले, "एवढा वेळ कोण आलं न्हाई, म्हंजे आता येणारच की." त्यांचे बोलणे मला अगदी पटले. माणूस साधारण चार मिनिटांनी एक येतो, हा तिथला रोजचा अनुभव होता. चार मिनिटांची सरासरी असेल आणि सहा मिनिटे उलटून गेली असतील, तर येणारा माणूस आता अगदी कोपऱ्यावर असला पाहिजे, असे मनाला वाटते. त्याच दिवशी सकाळी वर्गात सरांनी याच्या नेमके उलट सिद्ध करून दाखवले होते. मी ते वहीत उतरवूनही घेतले होते, तरी जीपमध्ये बसल्यावर माझा विश्वास त्या गृहस्थांच्या बोलण्यावर होता.

सरांनी सिद्ध केलेली गोष्ट दोन ओळींत मावते. पुढचा प्रवासी येईपर्यंत लागणाऱ्या वेळेला X म्हणू, आणि t मिनिटांपेक्षा जास्त वाट पाहावी लागण्याची संभाव्यता घातांकी नियमाने मिळते असे मानू. सरासरी चार मिनिटांची असेल तर λ म्हणजे दर मिनिटाला पाव माणूस. आता s मिनिटे कोणी आलेले नाही एवढे माहीत असताना आणखी t मिनिटे कोणी न येण्याची संभाव्यता काढायची आहे.

```
P(X > t) = e^(-λt)

P(X > s+t | X > s) = e^(-λ(s+t)) / e^(-λs) = e^(-λt)
```

उजवीकडच्या उत्तरात s उरतच नाही. आपण सहा मिनिटे बसलो आहोत की आत्ता येऊन टेकलो आहोत, याचा पुढच्या वेळेवर काहीही परिणाम होत नाही. पुढची अपेक्षित प्रतीक्षा आत्ताही चार मिनिटांचीच, आणि आणखी वीस मिनिटे तसेच बसून राहिलो तर तेव्हाही चार मिनिटांचीच.

भागाकार बरोबर आहे हे दिसत होते. तो असा का येतो, हे मात्र दिसत नव्हते. ते मला पुढे एका जाडाभरड्या हिशेबातून कळले, आणि विद्यार्थ्यांना मी अजूनही तोच हिशेब आधी करायला लावते. चार मिनिटांचे २४० सेकंद होतात. प्रत्येक सेकंदाला प्रवासी येण्याची शक्यता २४० मध्ये एक आहे, आणि कोणत्याही सेकंदाला आधीच्या सेकंदांत काय घडले याचा पत्ता नाही, असे समजा. एका सेकंदात कोणी न येण्याची संभाव्यता २३९ भागिले २४०. पूर्ण चार मिनिटे कोणी न येण्यासाठी हाच अपूर्णांक स्वतःशी २४० वेळा गुणायचा, म्हणजे सुमारे ०.३६७ येते. सेकंदाचे आणखी बारीक तुकडे करत गेलो की हे उत्तर e च्या व्यस्तापाशी, म्हणजे सुमारे ०.३६८ पाशी जाऊन स्थिरावते. त्या पुढच्या चार मिनिटांसाठी पुन्हा तसाच २४० वेळा गुणाकार करायचा आहे, आणि त्या गुणाकारात आधीच्या चार मिनिटांतला एकही अवयव शिरत नाही. सरासरी चार मिनिटांची आहे याचा अर्थ चौथ्या मिनिटाला कोणीतरी येणे लागते असा नाही. त्याचा अर्थ एवढाच की प्रत्येक क्षणी एक छोटीशी शक्यता आहे आणि ती शक्यता वाढत नाही की घटत नाही. जो माणूस पुढे यायचा आहे, तो त्या वेळी पापाच्या तिकटीवर भाजी घेत असेल किंवा घरातून निघालाही नसेल; आमच्या जीपमध्ये सहा मिनिटे शांतता आहे हे त्याला कळण्याचा काही मार्ग नाही.

याची दुसरी बाजूही सरांनी सांगितली होती. सतत चालणाऱ्या वेळेच्या वितरणांत हा गुण फक्त घातांकी वितरणाला आहे. आठ मिनिटे कोणी न येण्याची संभाव्यता ही चार मिनिटे कोणी न येण्याच्या संभाव्यतेचा वर्ग असली पाहिजे, बारा मिनिटांची तिचा घन असली पाहिजे, आणि हे प्रत्येक लहानमोठ्या तुकड्याला लागू पडले पाहिजे, अशी अट एकदा घातली की घातांकी वक्राशिवाय दुसरा कोणताही वक्र ती पाळू शकत नाही. म्हणून स्मृतिहीनता आणि घातांकी वितरण ही एकाच वस्तूची दोन नावे आहेत असे म्हणायला हरकत नाही.

तरीही मनातली शंका जाईना, तेव्हा मी एका संध्याकाळी वही घेऊन बसले आणि लागोपाठच्या वीस प्रवाशांमधली अंतरे अर्ध्या मिनिटापर्यंत टिपली. लहानापासून मोठ्यापर्यंत लावल्यावर ती अशी होती: तीनदा अर्धे मिनिट, दोनदा एक, दोनदा दीड, एकदा दोन, दोनदा अडीच, एकदा तीन, एकदा साडेतीन, त्यापुढे साडेचार, साडेचार, साडेपाच, सहा, साडेसात, साडेआठ, दहा आणि साडेचौदा. एकूण ८१ मिनिटे, म्हणजे सरासरी चार मिनिटांच्या किंचित वर. या यादीला मी प्रश्न विचारला तो असा: ज्या वेळी चार मिनिटे कोणी आले नाही, त्या वेळी तिथून पुढे सरासरी किती थांबावे लागले? चारच्या पुढची अंतरे आठ आहेत आणि त्यांची बेरीज ६१. प्रत्येकातून आधीच थांबलेली चार मिनिटे वजा केली की २९ उरतात, आणि २९ ला ८ ने भागले की साडेतीनपेक्षा थोडे जास्त येते. वीस नोंदींच्या यादीत एखाद्या मिनिटाचा फरक सहज पडतो, हे लक्षात घेतले तर हे उत्तर मूळच्या चारपासून वेगळे मानता येणार नाही. त्या आठांपैकी आठ मिनिटेही ओलांडून गेलेली अंतरे तीन, म्हणजे आठात तीन. सुरुवातीला चार मिनिटे ओलांडणारी होती वीसात आठ. दोन्ही प्रमाणे ०.३६८ च्या आसपास आहेत.

त्या यादीनेच मला माझी चूक दाखवली. सरासरी चार मिनिटे येते ती अर्ध्या आणि एका मिनिटाच्या पुष्कळ छोट्या अंतरांना धरून. चार मिनिटे उलटून गेली की त्या वीसांपैकी बारा अंतरे हिशेबातून बाद झालेली असतात. आपण आता उरलेल्या आठ लांबलचक अंतरांपैकीच एकात बसलेले असतो. त्या आठांची स्वतःची सरासरी साडेसात मिनिटांच्या वर आहे. थांबलेला वेळ आपल्याला माणसाच्या जवळ नेतो असे वाटते खरे, पण त्याच वेळी तो आपल्याला लांबच्या अंतरांच्या गटात ढकलत असतो, आणि घातांकी वितरणात ही दोन्ही बळे एकमेकांना तंतोतंत फेडतात. इतर वितरणांत ती फिटत नाहीत, कोणते तरी एक वरचढ ठरते.

एसटीचेच पाहा. गाडी बरोबर तीस मिनिटांनी एक सुटत असेल आणि मी अवेळी येऊन वीस मिनिटे थांबले असेन, तर उरलेला वेळ दहा मिनिटांच्या आतच असतो. तिथे थांबलेला वेळ पूर्णपणे जमा होतो, कारण आधीची गाडी कधी गेली ही गोष्ट पुढच्या गाडीला बांधलेली असते. जीपच्या क्लचप्लेटचेही तसेच: जितकी जास्त चालली तितकी झिजली, म्हणून जुन्या प्लेटला नव्या प्लेटचा नियम लागू पडत नाही. याउलट कार्बन-१४ चा अणू घ्या. त्याचा अर्धायुकाल सुमारे ५७३० वर्षांचा आहे, आणि तेवढी वर्षे न फुटता टिकून राहिलेला अणू व वातावरणात आज नव्याने तयार झालेला अणू यांची उद्या फुटण्याची शक्यता एकच. अणूला झीज नाही. स्मृतिहीनता जितक्या निखळ रूपात तिथे दिसते तितकी मला दुसरीकडे कुठे दिसलेली नाही.

पण वडापच्या जीपमध्ये बसलेल्या माणसाचा खरा प्रश्न पुढचा प्रवासी कधी येईल हा नसतो, जीप कधी सुटेल हा असतो. या दोन प्रश्नांमधला फरक मला परीक्षा होऊन गेल्यावर कितीतरी महिन्यांनी कळला, आणि माझ्या दृष्टीने या सगळ्या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट तीच आहे.

चार जागा रिकाम्या असतील तर चार अंतरे एकापुढे एक लागायची आहेत. प्रत्येकाची सरासरी चार मिनिटे, म्हणून एकूण अपेक्षित वेळ सोळा मिनिटांचा. पण चार घातांकी वेळांची बेरीज स्वतः घातांकी नसते. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या ए. के. एर्लांग यांनी १९०९ साली फोनच्या कॉलवर निबंध लिहिला. त्यांच्याच नावाने अशा बेरजेच्या वितरणाला एर्लांग वितरण म्हणतात. या वितरणाला स्मृती असते, आणि ती स्मृती नेमकी कुठे साठवलेली असते ते पाहण्यासारखे आहे.

समजा मी चार जागा रिकाम्या असताना पिशवी ठेवून जागा धरली आणि कट्ट्यावर दूध प्यायला गेले. गंगावेशीचा दूधकट्टा असा की समोर म्हैस पिळून दूध हातात देतात, त्यामुळे तिथे वेळ लागतो आणि जीप दिसत नाही. जीप भरली की ड्रायव्हर हाक मारणार आहे. सोळा मिनिटे झाली आणि हाक आलेली नाही. आता आणखी किती वेळ लागेल? सोळा मिनिटांत सरासरी चार माणसे यायची. चारपेक्षा कमी आली असण्याची संभाव्यता प्वासाँच्या सूत्राने सुमारे ०.४३ येते, म्हणजे हाक न येणे यात नवल काही नाही. आता त्या शक्यता उलगडायच्या. तीन आले असतील तर एकच जागा उरली, दोन आले असतील तर दोन, एक आला असेल तर तीन, आणि कोणीच आले नसेल तर चारच्या चार. या शक्यतांची त्यांच्या त्यांच्या वजनाने सरासरी घेतली की उरलेल्या जागा सुमारे १.८ येतात, आणि चार मिनिटांच्या हिशेबाने उरलेला वेळ सात मिनिटांच्या थोडा वर. सुरुवातीला सोळा होते, आता सात. कट्ट्यावरून पाहणाऱ्या मला थांबलेला वेळ उपयोगी पडला.

पण तेवढ्यात मी जीपपाशी आले आणि आत डोकावून पाहिले, तर त्या क्षणी घड्याळ निरुपयोगी होते. दोन जागा रिकाम्या दिसल्या तर उत्तर आठ मिनिटे; मग मी सोळा मिनिटे थांबले असेन किंवा साठ. कोणीच आलेले नसेल तर उत्तर पुन्हा सोळा मिनिटे, अगदी सुरुवातीसारखे. घड्याळाने मला जे काही सांगितले होते ते केवळ न दिसणाऱ्या जागांविषयीचा अंदाज म्हणून. जागा दिसल्या की त्या अंदाजाचे काम संपले. थांबलेल्या वेळेत जेवढी म्हणून माहिती होती ती सगळी बाकावर बसलेल्या माणसांच्या संख्येत येऊन बसलेली होती. हे लक्षात आले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता, आणि आजही वर्गात हा हिशेब फळ्यावर पूर्ण होतो तेव्हा मला क्षणभर थांबावे लागते.

इथे एक गोष्ट मी गृहीत धरली आहे, आणि प्रत्यक्षात माणसे फसतात ती तिथेच. दर चार मिनिटांचा आहे हे मला ठाऊक आहे, असे मी मानले. रोजच्या संध्याकाळी ते खरे होते. पण आमच्या गावाच्या बाजूची एसटी कधी वेळेवर येऊन गेलेली असे, तर कधी तिची फेरी रद्द झालेली असे. एसटी येऊन गेली असेल तर ती सगळे प्रवासी घेऊन गेलेली असायची आणि वडापला आठ-आठ मिनिटांनी एक माणूस मिळायचा. फेरी रद्द झाली असेल तर दोन-दोन मिनिटांनी माणूस यायचा. उशिरा पोहोचलेल्या मला यातले काय झाले आहे ते माहीत नसे. दोन्ही शक्यता निम्म्या-निम्म्या धरू. सुरुवातीला पुढच्या प्रवाशाची अपेक्षित वेळ आठ आणि दोन यांच्या मधोमध, पाच मिनिटे. आता आठ मिनिटे बसले आणि कोणी आले नाही. दोन मिनिटांचा दर असता तर आठ मिनिटांची शांतता शंभरात दोनदाही पडली नसती. आठ मिनिटांचा दर असेल तर ती शंभरात सुमारे ३७ वेळा पडते. म्हणून एसटी येऊन गेली आहे याची शक्यता आता पन्नास टक्क्यांवरून ९५ टक्क्यांवर जाते, आणि पुढची अपेक्षित प्रतीक्षा पाचवरून वाढून साडेसात मिनिटांच्याही थोडी वर. दोन्ही दिवसांत प्रवाशांची अंतरे घातांकीच आहेत, कोणत्याही प्रवाशाला काही आठवत नाही, आणि तरीही थांबलेल्या वेळेने उत्तर बदलले. बदलले ते प्रवाशांमुळे नव्हे, माझ्या अज्ञानामुळे. जितके जास्त थांबले तितके जास्त थांबावे लागणार, असे हे उत्तर आहे, म्हणजे त्या गृहस्थांनी दिलेल्या धीराच्या बरोबर उलट दिशेचे.

विद्यार्थी इथे हमखास गोंधळतात, आणि तो गोंधळ मला रास्त वाटतो. घेतलेल्या नोंदी अनेक दिवसांच्या असतील आणि त्यांत दर बदलत गेला असेल, तर सगळी अंतरे एकत्र करून काढलेले वितरण घातांकी दिसणार नाही. छोटी अंतरेही प्रमाणाबाहेर आणि लांब अंतरेही प्रमाणाबाहेर, असे ते दिसते. ओळखण्याचा मार्ग तोच, वहीतला: चार मिनिटे ओलांडलेल्यांची उरलेली सरासरी काढायची, मग आठ ओलांडलेल्यांची, मग बारा ओलांडलेल्यांची. ती चढत गेली तर दर मिसळलेले आहेत, उतरत गेली तर कुठे तरी वेळापत्रक किंवा झीज दडलेली आहे, आणि साधारण सपाट राहिली तरच स्मृतिहीनता मानावी. शेवटच्या टोकाला नोंदी दोन-तीनच उरतात, तिथल्या आकड्यावर भिस्त ठेवू नये.

आणखी एक पथ्य मी सांगते ते कुटुंबांचे. रविवारी जोतिबाला जाणारी माणसे एकेकटी येत नाहीत. नवरा-बायको, दोन मुले, आजी असा जथाच येतो. जथे स्मृतिहीन रीतीने आले तरी माणसे तशी येत नाहीत, कारण एक आला की लगोलग आणखी तीन येतात. दहा-दहा मिनिटांत किती माणसे आली ते मोजले आणि त्या संख्यांचे विचरण त्यांच्या सरासरीपेक्षा बरेच मोठे निघाले, तर माणसे मोजू नयेत, जथे मोजावेत. रविवारी चार जागा उरल्या असताना सोळा मिनिटांचा हिशेब करणे व्यर्थ असते. कधी एकाच जथ्याने जीप भरते, आणि कधी पाच जणांचा जथा चार जागा बघून पुढच्या जीपकडे जातो.

त्या काळी ज्यांच्या जीपमधून मी बहुतेक वेळा गेले ते ड्रायव्हरमामा मनगटाला घड्याळ बांधत नसत. मागून कोणी वैतागून "मामा, अर्धा तास झाला की ओ" म्हटले, तर ते त्याला उत्तर देत नसत. वाकून आत बघत आणि बोटाने माणसे मोजत. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मला घरी जाऊन वाचायचे होते, बराच वेळ गेला होता, आणि मीही तसेच काहीतरी बोलले. त्यांनी वाकून मोजले आणि म्हणाले, "ताई, अजून दोन शीट." मी वही उघडली. आठ मिनिटे मिळणार होती, निदान सरासरीने.